‘सिस्टीमनं कापलं’ म्हणजे नेमकं कुणी कापलं?

आमच्या अभ्यासिकेत येणारी एक मुलगी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात खातेउतारा घेऊन माझ्याकडे आली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आई धुणीभांडी करते, वडील नाहीत. महाडीबीटीवरून शिष्यवृत्तीचा हप्ता आला होता, ४,६०० रुपये. ती परीक्षा शुल्क भरायचं म्हणून पैसे काढायला गेली, तर हिशेबात काही कमी निघाले. उताऱ्यावर तीन ओळी होत्या. १० जुलैला ३५४ रुपये, ८ ऑगस्टला १४६ रुपये, २० ऑगस्टला २०८ रुपये. तिन्हींपुढे एकच मजकूर: `SERV CHG INCL GST`. कशाची सेवा, कधी दिली, कुणी मागितली, काही नाही.

ती शाखेत विचारायला गेली होती. काउंटरवरचा माणूस स्क्रीनकडे बघत म्हणाला, “सिस्टीमनं कापलं. आमच्या हातात काही नसतं.” ती परत आली. येताना तिथल्या कुणीतरी सुचवलं, साहेबांना विनंती अर्ज दे, गरीब आहेस म्हणून लिही, करतील काहीतरी. तिनं तसा अर्ज लिहूनही आणला होता. “मेहेरबान शाखाधिकारी साहेब यांच्या सेवेशी” इथपासून सुरुवात, मध्ये आईचं आजारपण, शेवटी “कृपा करून कापलेले पैसे परत करून उपकृत करावे, ही नम्र विनंती.”

मी तो अर्ज फाडला. खरं तर फाडायला नको होता, पोरगी दचकली. पण मला राग तिच्यावर नव्हता. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या तोंडानं ‘जोहार मायबाप’ म्हटलं, ते तोंड आपण ‘जय भीम’ म्हणून बदललं. मग तेच वाक्य बँकेच्या काउंटरवर, तहसीलच्या खिडकीवर, समाजकल्याणच्या टेबलावर ‘मेहेरबान’ होऊन परत कसं येतं? हे पैसे तिचे आहेत. तिच्या खात्यातले आहेत. ज्यानं घेतले त्यानं कारण सांगायचं असतं. जिचे गेले तिनं आपली गरिबी सिद्ध करायची नसते.

आता मुद्द्यावर येते. बँकेला शुल्क घ्यायचा अधिकार आहे, हे आधी मान्य करू या. आपले काही कार्यकर्ते लगेच ‘लूट, लूट’ म्हणत मोर्चाची भाषा करतात आणि मग व्यवस्थापक दरपत्रक समोर टाकतो तेव्हा गप्प बसतात. कारण दरपत्रक त्यांनी वाचलेलं नसतं. बँक शुल्क घेऊ शकते, पण ज्याची तुम्हाला आधी माहिती दिली होती तेच, ज्या दरानं सांगितलं त्याच दरानं आणि जी पद्धत ठरलेली आहे त्याच पद्धतीनं. तिन्हींपैकी एक जरी तुटलं, तरी तुमचं पत्र उभं राहतं. म्हणून पत्र लिहायच्या आधी उतारा वाचायला शिका.

आम्ही दोघी चहा घेऊन बसलो आणि तीन आकडे समोर ठेवले. ३५४ कळतो, पण १४६ आणि २०८ हे कसले आकडे? कुठल्याच दरपत्रकात असे दर नसतात. मग लक्षात आलं की १४६ अधिक २०८ म्हणजे ३५४. म्हणजे शुल्क तीन नव्हती, दोनच होती. ८ ऑगस्टला तिच्या खात्यात फक्त १४६ रुपये शिल्लक होते, तेवढे बँकेनं घेऊन खातं शून्यावर आणलं. उरलेले २०८ मागे लावून ठेवले. २० तारखेला शिष्यवृत्ती जमा झाली, त्याच दिवशी ते २०८ ओढले.

दुसरी पायरी भागाकाराची. बँकेच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी असतो आणि उताऱ्यावर बहुतेक वेळा दोन्ही मिळून एकच आकडा दिसतो. तेव्हा कापलेल्या रकमेला १.१८ नं भागा. ३५४ भागिले १.१८, उत्तर ३००. पूर्ण आकडा आला की समजायचं, हे दरपत्रकातलं शुल्क आहे आणि ते दरपत्रकात कुठे बसतं ते शोधायचं. १७.७० दिसले तर ते मूळ १५ रुपये, २९५ दिसले तर २५०. भागाकार करून पूर्ण आकडा आला नाही, तर तो बहुधा अर्धवट वसुलीचा तुकडा असतो, आमच्या १४६ आणि २०८ सारखा. किंवा ते शुल्कच नसतं. ४३६ किंवा २० रुपये कापलेले दिसले, तर तो बहुतेक जीवन ज्योती किंवा सुरक्षा विम्याचा वार्षिक हप्ता असतो. तिथे प्रश्न वेगळा विचारायचा: माझी संमती कुठे आहे?

बँकेच्या संकेतस्थळावर दरपत्रक मिळालं. निमशहरी शाखेतल्या साध्या बचत खात्याला महिन्याची किमान सरासरी शिल्लक २,००० रुपये. कमी पडली तर जेवढी तूट, तिच्या ६ टक्के दंड, जास्तीत जास्त ३०० रुपये आणि वर जीएसटी. म्हणजे सेवाशुल्क हे नाव खोटं होतं. तो किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड होता. दंडाला सेवा म्हणायचं, ही युक्ती आपल्याला नवीन नाही.

आता सरासरी शिल्लक म्हणजे काय, हे नीट समजून घ्या, कारण इथेच पोरं फसतात. महिन्याच्या शेवटी दोन हजार असले म्हणजे झालं, असं नसतं. रोज रात्री खात्यात जी शिल्लक उरते ती महिनाभराची एकत्र मिळवायची आणि दिवसांनी भागायची. तिच्या खात्यात जूनच्या १ ते २० तारखेपर्यंत ५०० रुपये होते. वीस दिवस गुणिले पाचशे, दहा हजार. २१ तारखेला आईनं दिलेले १,५०० तिनं भरले, म्हणून पुढचे दहा दिवस २,००० होते, वीस हजार. एकूण तीस हजार, भागिले तीस दिवस. सरासरी १,००० रुपये. तूट १,००० ची. तिच्या ६ टक्के म्हणजे ६० रुपये, जीएसटी धरून ७० रुपये ८० पैसे. बँकेनं घेतले ३५४.

जुलैचा हिशेब तर आणखी बघण्यासारखा आहे. १ तारखेला तिनं फॉर्म भरायला १,५०० काढले, ५०० उरले. ९ तारखेपर्यंत पाचशेच होते. १० तारखेला बँकेनं ३५४ कापले आणि १४६ उरले, ते महिनाअखेरपर्यंत तसेच राहिले. सरासरी निघते सुमारे २४९ रुपये. तूट १,७५१ ची, ६ टक्के म्हणजे १०५ च्या आसपास, जीएसटीसह सुमारे १२४ रुपये. इथे थांबून बघा. बँकेनं १० तारखेला पैसे कापलेच नसते, तर जुलैची सरासरी ५०० राहिली असती आणि दंड १०६ रुपये २० पैसे झाला असता. म्हणजे बँकेनं स्वतःच शिल्लक कमी केली आणि शिल्लक कमी झाली म्हणून जास्त दंड धरायचा. सावकाराच्या चोपडीत व्याजावर व्याज असायचं. इथे दंडावर दंड आहे, फक्त चोपडी दिसत नाही.

दोन्ही महिन्यांचे मिळून बँकेच्याच दरानं १९४ रुपये ७९ पैसे होतात. कापले ७०८. पाचशे तेरा रुपये जास्तीचे. आणि हे केव्हा, तर दंड लावणंच बरोबर होतं असं धरलं तर. ते बरोबर होतं का, हा पुढचा प्रश्न.

रिझर्व्ह बँकेचं २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेलं. त्यात किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडाची पद्धत ठरवून दिली आहे. शिल्लक कमी पडली की बँकेनं आधी ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्रानं स्पष्ट कळवायचं की महिन्याभरात शिल्लक भरली नाही तर दंड लागेल. तो महिना जाऊ द्यायचा. त्यानंतरच दंड. दंड तुटीच्या प्रमाणात हवा, सरसकट नाही. तो सेवेच्या सरासरी खर्चाशी सुसंगत, वाजवी हवा. आणि केवळ या दंडामुळे खातं उणे शिल्लकीत जाता कामा नये. इंग्रजीत दोन-तीन पानांचा मजकूर आहे, रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतो.

जूनची तूट जून संपल्यावरच मोजता येते. ती मोजून ग्राहकाला कळवायचं आणि एक महिना थांबायचं, तर १० जुलैला पैसे कापणं कसं शक्य आहे? तारखाच सांगतात की महिना दिलेला नाही. यासाठी वकील लागत नाही, कॅलेंडर लागतं.

एसएमएसचं मात्र तपासून घ्या. बँक हमखास म्हणते, मेसेज पाठवला होता. आपल्याकडे खातं उघडताना भावाचा, मामाचा, कधी शेजाऱ्याचा नंबर दिलेला असतो आणि ते सिम दोन वर्षांपूर्वीच बंद पडलेलं असतं. हिचा नंबर मोठ्या भावाचा होता, चालू होता. त्याच्या फोनमध्ये जून-जुलैचे बँकेचे सगळे मेसेज आम्ही बघितले. कर्जाच्या जाहिरातीचे सहा मेसेज होते. शिल्लक कमी आहे असं सांगणारा एकही नव्हता.

तिनं अजून एक गोष्ट सांगितली. हे खातं कॉलेजात भरलेल्या शिबिरात उघडलं होतं आणि तिथे माईकवरून ‘झीरो बॅलन्स’ असं सांगितलं होतं. मग ते साधं बचत खातं कसं निघालं? झीरो बॅलन्स हा बोलायचा शब्द आहे, कागदावर तो नसतो. कागदावर जे असतं त्याचं नाव मूलभूत बचत ठेव खातं. रिझर्व्ह बँकेनं ते २०१२ साली आणलं. ते कुणालाही उघडता येतं, उत्पन्नाची अट नाही. किमान शिल्लक नाही, एटीएम कार्डाला शुल्क नाही, पैसे कितीही वेळा भरा, आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं मोफत. अट अशी, की त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. असलेलं साधं खातं यात बदलून मागता येतं. तेरा-चौदा वर्षं झाली, आपल्या वस्तीतल्या किती जणांना हे माहीत आहे? काउंटरवरचा माणूस आपण होऊन सांगणार नाही. आपण विचारत नाही.

एवढी जुळवाजुळव झाल्यावर आम्ही पत्र लिहिलं. जसंच्या तसं देते, फक्त ओळख पटेल असा तपशील काढला आहे.

“प्रति, शाखा व्यवस्थापक.

विषय: माझ्या बचत खात्यातून कापलेल्या ७०८ रुपयांचा खुलासा व परतावा मिळण्याबाबत.

महोदय,

माझ्या खात्यातून १० जुलै रोजी ३५४ रुपये, ८ ऑगस्ट रोजी १४६ रुपये आणि २० ऑगस्ट रोजी २०८ रुपये ‘सेवाशुल्क’ म्हणून कापले आहेत. ही कोणती सेवा, याचा उल्लेख उताऱ्यावर नाही. शाखेत तोंडी विचारले असता ‘सिस्टीमने कापले’ एवढेच उत्तर मिळाले. हे शुल्क मला मान्य नाही.

ही रक्कम किमान सरासरी शिल्लक न ठेवल्याचा दंड असल्यास, आपल्या दरपत्रकानुसार तो तुटीच्या ६ टक्के आहे. माझ्या हिशेबाप्रमाणे जूनची सरासरी शिल्लक १,००० रुपये व दंड जीएसटीसह ७०.८० रुपये होतो. जुलैचा दंड १२३.९९ रुपये होतो. हिशेब सोबत जोडला आहे. आपण प्रत्येकी ३५४ रुपये कोणत्या हिशेबाने घेतले, ते लेखी कळवावे.

रिझर्व्ह बँकेच्या २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकानुसार असा दंड लावण्याआधी ग्राहकाला कळवून एक महिन्याची मुदत देणे आवश्यक आहे. मला अशी सूचना मिळालेली नाही. आपण ती दिली असल्यास कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकावर वा पत्त्यावर दिली, त्याचा पुरावा द्यावा. दिलेली नसल्यास संपूर्ण ७०८ रुपये माझ्या खात्यात परत जमा करावेत.

८ ऑगस्टला न मिळालेली रक्कम राखून ठेवून ती २० ऑगस्टला कोणत्या नियमाखाली वसूल केली, हेही कळवावे.

खाते उघडताना मी सही केलेल्या अर्जाची प्रत द्यावी आणि माझे खाते कोणत्या प्रकारचे आहे ते लेखी सांगावे. ते साधे बचत खाते असल्यास या पत्राच्या तारखेपासून ते मूलभूत बचत ठेव खात्यात बदलावे. आवश्यक अर्ज सोबत भरून दिला आहे.

उत्तर मराठीत द्यावे. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करीन.

आपली, खातेदार.”

एवढंच. आईचं आजारपण नाही, शिष्यवृत्ती नाही, जात नाही. शिष्यवृत्तीचं वाक्य तिला हवं होतं. मी नको म्हटलं, आणि त्यावरून आमचा थोडा वादही झाला. तिचं म्हणणं, शिष्यवृत्तीचे पैसे कापणं हे जास्त वाईट नाही का? आहेच. पण पत्रात ते लिहिलं की व्यवस्थापकाला दया दाखवायची वाट मिळते, आणि दया दाखवली की हिशेब द्यावा लागत नाही. आम्हाला हिशेब हवा होता.

यावर एका ज्येष्ठ कार्यकर्त्यानं मला विचारलं, संघटनेच्या लेटरहेडवर का दिलं नाही? वजन पडलं असतं. दादांचा मी आदर करते, पण हे त्यांचं चुकतं. ही तक्रार खातेदाराची आहे, सही तिचीच हवी. पुढे लोकपालाकडे जायची वेळ आली तर तिथेही तक्रार खातेदारानं किंवा त्यानं लेखी अधिकार दिलेल्या प्रतिनिधीनं करायची असते. वकिलामार्फत केलेली तक्रार तर तिथे घेतच नाहीत, वकील स्वतःच खातेदार असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय लेटरहेड बघितलं की शाखेत चर्चा आकड्यांवरून उठते आणि माणसांवर जाते. चहा येतो, ओळखी निघतात, “बघतो ना साहेब” होतं. आणि शेवटी त्या मुलीला आठवतं काय, तर दादांनी पैसे मिळवून दिले.

दुसरा आक्षेप नेहमीचा. सातशे रुपयांसाठी एवढा खटाटोप? हे म्हणणाऱ्याच्या खात्यात बहुधा पगार जमा होत असतो. तिच्या आईला एका घरचं महिन्याचं काम सातशेला आहे. आणि रक्कम लहान ठेवणं हेच तर या वसुलीचं बळ आहे. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडापोटी सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये गोळा केले, ही माहिती सरकारनं २०२४ साली संसदेत दिली. यात खासगी बँका धरलेल्या नाहीत. स्टेट बँकेनं तर २०२० पासून हा दंड बंदच केलेला आहे. हे साडेआठ हजार कोटी कुणाचे? ज्याच्या खात्यात पन्नास हजार पडून असतात त्याला हा दंड कधी लागतच नाही. महिनाअखेर ज्याचं खातं कोरडं होतं, त्याच्याकडूनच तो घेतला जातो. एकाकडून सातशे, दुसऱ्याकडून साडेतीनशे, आणि प्रत्येकाला वाटतं की एवढ्यासाठी कशाला. २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा अशा काही सरकारी बँकांनी तो रद्द केला. म्हणजे त्याच्याशिवाय बँक चालते.

दर चौदा एप्रिलला आपण बॅनर लावतो, ‘रिझर्व्ह बँकेचे जनक’. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली, आणि त्या आयोगाच्या शिफारशीतून पुढे १९३५ साली रिझर्व्ह बँक उभी राहिली. हे सांगताना आपली छाती फुगते. पण त्या बँकेचं एक परिपत्रक बॅनर लावणाऱ्या किती जणांनी वाचलं आहे? बॅनरचा खर्च विचारत नाही मी. पासबुकात ओळ न ओळ वाचता येणारा एक मुलगा वस्तीत आहे का, एवढंच विचारते.

पत्र द्यायला ती एकटी गेली. मी बाहेर रस्त्यावर उभी होते. दोन प्रती होत्या, एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन परत आणायची. ही पोच हा सगळ्या प्रकरणाचा कणा आहे, कारण तीस दिवस तिच्यापासून मोजले जातात. काउंटरवर तिला आधी “ठेवून जा” म्हणाले. ती म्हणाली, शिक्का द्या. “साहेब जेवायला गेलेत.” ती बसून राहिली. पाऊण तासानं शिक्का मिळाला. नसता मिळाला तर तेच पत्र स्पीड पोस्टनं पाठवून पावती ठेवायची, किंवा बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करून तक्रार क्रमांक घ्यायचा, असं ठरवून ठेवलं होतं.

एकोणिसाव्या दिवशी खात्यात ७०८ रुपये परत आले. खातंही बदललं. दोन दिवसांनी पत्र आलं, मराठीत. “ग्राहकहित लक्षात घेऊन सदिच्छा म्हणून सदर रक्कम परत करण्यात येत आहे.” खाली सही.

पोरगी खूश झाली, पेढे घेऊन आली. मला मात्र तो ‘सदिच्छा’ शब्द टोचत राहिला. आम्ही हिशेब मागितला होता, सूचनेचा पुरावा मागितला होता, सही केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. यातलं एकही दिलं नाही आणि पैसे परत केले. चूक झाली असं कुठेही म्हटलं नाही. चूक मान्य केली असती, तर त्याच शिबिरात उघडलेल्या बाकीच्या खात्यांचं काय, हा प्रश्न उभा राहिला असता. सदिच्छा एकीलाच दाखवता येते.

म्हणून आम्ही तिच्या वर्गातल्या आणखी चार जणींची पासबुकं मागवली. तिघींच्या उताऱ्यावर तीच ओळ होती आणि तोच ३५४ चा आकडा. चौथीच्या पासबुकात फक्त एटीएमचं शुल्क निघालं आणि ते बरोबर होतं. ती पाचपेक्षा जास्त वेळा पैसे काढत होती. तिच्यासाठी पत्र लिहिलं नाही. नियमाप्रमाणे घेतलेलं शुल्क परत मागायला गेलो तर पुढच्या तिघींचं पत्रही कुणी गांभीर्यानं वाचणार नाही.

तिघींनी आपापल्या सहीनं तीन पत्रं दिली. हिशेब त्यांनी स्वतः केले, पहिलीनं त्यांना शिकवलं. पहिलीनंही दुसरं पत्र दिलं: पैसे मिळाले, पण ते सदिच्छा म्हणून मी स्वीकारलेले नाहीत, माझ्या चार प्रश्नांची उत्तरं बाकी आहेत. चारही पत्रांवर शिक्का आहे.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा पुन्हा सदिच्छा आली, तर पुढची पायरी लोकपालाची. `cms.rbi.org.in` वर तक्रार नोंदवता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत. तीस दिवस झाले की फार रेंगाळायचं नाही, तिथेही मुदत असते. तक्रारीत काय लिहायचं यात मात्र सावध राहायला हवं. बँकेनं किमान शिल्लक दोन हजार का ठेवली, दंड ६ टक्के का, हे लोकपाल तपासत नाही. तो बँकेचा व्यावसायिक निर्णय धरला जातो आणि तक्रार तिथेच बंद होते. सूचना दिली नाही, स्वतःच्याच दरपत्रकापेक्षा जास्त कापलं, लेखी विचारूनही हिशेब दिला नाही, ही सेवेतली त्रुटी आहे आणि तक्रार तिच्यावर उभी करायची. दंडच रद्द करा, ही मागणी वेगळी आहे. ती रस्त्यावर आणि संसदेत करायची, आणि मी त्या मोर्चात येईन.

आज बाविसावा दिवस आहे. काल शाखेतून एकीच्या घरी फोन आला, येऊन भेटा, बसून मिटवू. तिनं सांगितलं, लेखी पाठवा.